दुव्याला क्रियापद हवं

सुट्या टिपणांची पद्धत नेमाने पाळणाऱ्याकडे प्रबंध लिहायच्या वेळी साठा भरपूर असतो. एका टिपणात एकच विचार, तोही स्वतःच्या शब्दांत आणि पूर्ण वाक्यांत. खाली, ज्या टिपणांशी त्याचं नातं आहे त्यांचे दुवे. वाचन चालू राहतं तशी टिपणं वाढतात, दुव्यांचं जाळं दाट होतं, आणि पडद्यावर त्याचा आलेख उघडला की प्रकरणात लागणारं सगळं इथे आहे असं वाटतं. वाटतं ते खोटंही नसतं. तरी पहिलं वाक्य लिहायला बसलं की कळतं, या जाळ्याला सुरुवातच नाही. त्यात कुठूनही शिरता येतं आणि कुठूनही कुठेही जाता येतं. प्रकरण मात्र पहिल्या ओळीपासून वाचलं जातं. वाचणाऱ्यासमोर एका वेळी एकच वाक्य असतं आणि आधी वाचलेलं तेवढंच त्याच्या हाताशी असतं.

टिपणं योग्य क्रमाने लावली की आराखडा तयार होतो, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. टिपणं क्रमाने लावून टिपणांची यादी तयार होते. आराखडा तयार होतो तो दोन टिपणांच्या मधल्या जागेत. दुवा फक्त एवढंच सांगतो की या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे. कोणता संबंध, कुठल्या बाजूने कुठे, हे तो सांगत नाही, आणि प्रकरणाला नेमकं तेच हवं असतं.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांच्या कागदी संग्रहातही हा फरक होता. लुमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. त्या संग्रहाचं डिजिटल रूप आता बीलेफेल्ड विद्यापीठ प्रसिद्ध करत आहे. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक असे. ५७/१२ नंतर ५७/१३ ठेवली गेली असली आणि पुढे ५७/१२ ला धरून काही सुचलं, तर ती नवी चिठ्ठी ५७/१२अ अशा क्रमांकाने दोघींच्या मध्ये जाऊन बसे. अनेकांना यातच आराखडा दिसतो. पण तो क्रमांक म्हणजे चिठ्ठीचा पत्ता आहे. ही चिठ्ठी कधी, कशाच्या निमित्ताने सुचली ते त्यातून कळतं. वाचकाने ती कशाच्या आधी वाचावी ते कळत नाही. सुचण्याचा क्रम आणि पटवण्याचा क्रम एक नसतो, एवढी एक गोष्ट धरून ठेवली तरी आराखड्याचं निम्मं काम सरळ होतं.

मी ज्या प्रकरणावर काम केलं तेच घेते, कारण नुसत्या तत्त्वाने यातलं काही हाती लागत नाही. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमधला कॉलरा. जॉन स्नो या डॉक्टरने १८४९ मध्ये मांडलं की कॉलरा पाण्यातून पसरतो. १८५४ च्या साथीत त्याने त्यासाठी भक्कम पुरावा गोळा केला. तरी १८५५ मध्ये आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने आपल्या अहवालात त्याचं मत स्वीकारलं नाही. दूषित हवेतून रोग होतो हीच तेव्हाची प्रस्थापित समजूत होती आणि ती टिकून राहिली. या सगळ्यावर माझ्याकडे चाळीसेक टिपणं होती. स्नोवर, विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञावर, दोन पाणी कंपन्यांवर, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर, समितीच्या अहवालावर, फ्लॉरेन्समध्ये १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचे जंतू पाहणाऱ्या फिलिपो पाचिनीवर.

पहिलं काम टिपणांना हात न लावता करायचं असतं. प्रकरण ज्या प्रश्नाचं उत्तर देणार तो प्रश्न एका वाक्यात लिहायचा. ‘कॉलरा आणि लंडन’ हा विषय झाला, प्रश्न नाही. विषय हाताशी धरून टिपणं गोळा केली तर चाळीसच्या चाळीस येतात, कारण ती सगळी त्या विषयावर आहेतच. माझा प्रश्न असा होता: स्नोचा पुरावा १८५५ मध्ये पुरेसा का वाटला नाही? तो लिहिल्यावर प्रत्येक टिपण उघडून विचारता येतं की हे काढून टाकलं तर उत्तर लंगडं पडेल का. या कसोटीवर साधारण निम्मी टिपणं बाजूला गेली. बाजूला म्हणजे वेगळ्या यादीत. पुसून टाकायचं काहीच नसतं.

त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी होती. कोणत्या टिपणाला किती दुवे आहेत आणि ते प्रकरणासाठी किती गरजेचं आहे, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी लोकांनी पिऊ नये म्हणून स्नोच्या सांगण्यावरून त्याचा दांडा काढल्याचं टिपण माझ्या आलेखात सर्वांत ठळक ठिपक्यांपैकी एक होतं. साहजिक आहे; ती गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की वाचनात सतत येते आणि दर वेळी एखादा दुवा जोडला जातो. पण दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला तोवर साथ ओसरत आली होती, हे खुद्द स्नोनेही नमूद केलं आहे. त्यामुळे पुरावा म्हणून त्या घटनेचं वजन कमी. उलट, सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीबद्दल एखाद-दुसरा दुवा असलेली जी गोष्ट होती ती प्रकरणाचा कणा ठरली. तिच्याकडे पुढे येते. आलेखात मोठा दिसणारा ठिपका आपण किती वेळा तिथून गेलो ते दाखवतो, एवढंच.

आता खरं काम. उरलेल्या टिपणांमधल्या प्रत्येक दुव्याला क्रियापद द्यायचं. मी कागदावर दोन-दोन टिपणांची नावं लिहिते आणि मध्ये एक वाक्य लिहून पाहते. ‘अमुक टिपण तमुक टिपणाला आधार देतं’, ‘खोडून काढतं’, ‘त्याचं उदाहरण आहे’, ‘त्याला अट घालतं’, आणि सर्वांत उपयोगाचं म्हणजे ‘हे कळल्याशिवाय ते कळत नाही’. शेवटचं नातं लिहिलं की त्याला दिशा येते, आणि दिशा आली की क्रम दिसू लागतो. आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मोठ्या जाळ्यांतली कामं क्रमाने लावण्याची जी रीत मांडली तिचं सार एवढंच आहे: ज्याला दुसऱ्या कशाचीही गरज नाही ते आधी घ्या, मग ते घेतल्यामुळे जे मोकळं झालं ते. त्या रीतीतून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही प्रबंध लिहिणाऱ्याच्या कामाच्या आहेत. एक, चालणारा क्रम बहुधा एकच नसतो; कित्येक असतात, आणि त्यांतला निवडणं हा लेखकाचा निर्णय असतो. दुसरी, जाळ्यात कुठे चक्र असेल, म्हणजे हे समजायला ते हवं आणि ते समजायला हे, तर कोणताच क्रम चालत नाही. ते चक्र आधी तोडावं लागतं.

माझ्या प्रकरणात असं चक्र अगदी मध्यभागी होतं. फारने १८४८–४९ च्या साथीचा अभ्यास करून १८५२ मध्ये दाखवलं की थेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी. वीस फुटांहून खालच्या भागात दर दहा हजारांमागे १०२ मृत्यू, वीस ते चाळीस फुटांत ६५, चाळीस ते साठ फुटांत ३४. आकडे इतके सुरेख उतरत जातात की दूषित हवेचा सिद्धांत त्यात आपोआप सिद्ध झाल्यासारखा दिसतो: नदीकाठची जड, कुजकी हवा खाली साचते, वर विरळ होते. आता स्नोचं काम त्या काळच्या वाचकाला का पटलं नाही हे समजायला हे कोष्टक आधी माहीत हवं. पण हे कोष्टक कुठे चुकतं ते समजायला स्नोचं काम आधी माहीत हवं, कारण सखल वस्त्यांना नदीच्या खालच्या, अधिक घाण भागातलं पाणी मिळत असे आणि उंची व पाणी दोन्ही एकत्रच बदलत होती. माझ्या टिपणात कोष्टक आणि त्याची चूक, दोन्ही एकाच जागी लिहिलेली होती. ते टिपण स्नोच्या आधी ठेवलं तर चूक समजत नाही. नंतर ठेवलं तर समितीचा निर्णय निव्वळ मूर्खपणा वाटतो.

अशा वेळी टिपणाची जागा शोधत बसण्यात अर्थ नसतो. टिपण फोडायचं असतं. एका टिपणात एक विचार हा नियम आपण लिहिताना पाळलेला असला, तरी तो त्या दिवशीच्या वाचनाच्या संदर्भात एक विचार असतो. युक्तिवादाच्या संदर्भात त्यात दोन विचार निघतात. म्हणून फारच्या टिपणाची दोन झाली. ‘उंचीचं कोष्टक १८५२ मध्ये विश्वसनीय का होतं’ हे एक. ‘उंचीच्या कोष्टकाला काय दिसू शकत नव्हतं’ हे दुसरं. त्यांच्या मध्ये स्नोचा दक्षिण लंडनचा अभ्यास अगदी नेमका बसला. चक्र दिसलं की ज्या टिपणातून दोन्ही बाजूंचे बाण जातात ते उघडून त्यात ‘पण’ किंवा ‘मात्र’ कुठे आलं आहे ते पाहावं. बहुतेक वेळा सांधा तिथेच असतो.

दूषित हवेच्या सिद्धांताचं टिपण याहून अवघड होतं. ते जवळजवळ प्रत्येक टिपणाला जोडलेलं होतं. अशा टिपणाला सगळ्यांच्या आधी बसवायचा मोह होतो, आणि मग प्रकरणाची पहिली चार-पाच पानं नुसती पार्श्वभूमी होतात. वाचकाला त्यातलं पुढे काय लागणार ते माहीत नसतं, म्हणून तो सगळंच सारख्या लक्षाने वाचतो किंवा काहीच नीट वाचत नाही. मी ते टिपण ओळीत एका जागी ठेवलं नाही. कोणत्या टप्प्याला त्यातली कोणती गोष्ट लागते ते पाहिलं. फारच्या कोष्टकाआधी एवढंच पुरतं की रोग कुजण्यातून निघणाऱ्या वाफेने होतो असं मानलं जाई. समितीच्या निर्णयाआधी मात्र त्या सिद्धांताचं एक वेगळं अंग लागतं: तो पाण्यालाही सामावून घेऊ शकत होता. घाण पाणी वाईट, हे हवेचा सिद्धांत मानणाऱ्यांनाही मान्यच होतं. त्यांच्या लेखी ते विष पोहोचण्याच्या वाटांपैकी एक वाट होतं. स्नो म्हणत होता की पाण्यातून जाणारा एक विशिष्ट पदार्थ हेच कारण आहे. हा फरक पहिल्या पानावर सांगितला असता तर वाचक तो समितीपर्यंत पोहोचेस्तोवर विसरला असता.

आणि मग फट. दुव्याला क्रियापद देताना कधी कधी वाक्य तयारच होत नाही. माझ्याकडे एक टिपण होतं: दक्षिण लंडनच्या कित्येक रस्त्यांवर साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन कंपन्यांच्या नळवाहिन्या एकाच रस्त्यातून जात, एका घरात एकीचं पाणी, शेजारी दुसरीचं. लॅम्बेथने १८५२ मध्ये पाणी घेण्याची जागा वर थेम्स डिटनला नेली, जिथे लंडनची घाण पोहोचत नव्हती. दुसरी कंपनी बॅटरसीलाच पाणी उचलत राहिली. पुढचं टिपण आकड्यांचं: १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७, उरलेल्या लंडनमध्ये ५९. दोन्ही टिपणं एकमेकांना जोडलेली होती आणि आलेखात ती रेघ मला नेहमी स्वाभाविक वाटत आली होती. मध्ये वाक्य लिहायला गेल्यावर ते असं झालं: ‘नळ एकाच रस्त्यात होते, म्हणून मृत्यू वेगळे मोजता आले.’ हे वाक्य चुकीचं आहे. नळ एकाच रस्त्यात होते म्हणूनच तर मोजणं अवघड होतं. मृत्यू झालेल्या घरात कोणाचं पाणी येतं हे स्नोला कळणार कसं? भाडेकरूंना बहुधा कंपनीचं नाव माहीत नसे, पाणीपट्टी घरमालक भरत असे.

उत्तर माझ्या संग्रहात होतं, पण रसायनाच्या चाचण्यांविषयीच्या एका जुन्या टिपणात अर्ध्या ओळीत. स्नोने घराघरांतून पाण्याचे नमुने घेतले आणि त्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाचं प्रमाण पाहिलं. थेम्स डिटनच्या पाण्यात एका गॅलनला एक ग्रेनहूनही थोडं कमी मीठ होतं. दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात जवळजवळ ३८ ग्रेन. जवळपास चाळीस पटींचा फरक, तेव्हा ओळखायला चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. त्या अर्ध्या ओळीचं स्वतंत्र टिपण झालं आणि दोघांच्या मध्ये बसलं. माझ्या मते जाळ्यातून ओळ काढण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. आलेखात रेघ ओढली की फट दिसेनाशी होते. वाक्य लिहायला घेतलं की ती उघडी पडते. ‘आणि’, ‘तसंच’, ‘याशिवाय’ यांखेरीज दुसरा शब्द दोन टिपणांमध्ये बसत नसेल, तर एक तर मधलं टिपण लिहायचं राहिलं आहे, नाही तर ती दोन टिपणं शेजारी असण्याचं कारण नाही.

कालक्रमाचा मोह याच टप्प्यावर सर्वांत जास्त छळतो. इतिहासाच्या विषयात तारखा आयत्या मिळतात: १८४९, १८५२, १८५४, १८५५. त्या क्रमाने टिपणं लावली की ओळ झाल्याचा भास होतो, कारण ‘त्यानंतर’ हा शब्द कुठल्याही दोन टिपणांच्या मध्ये बसतो. माझ्या मार्गदर्शकांनी आराखडा वाचताना एक साधी कसोटी लावली. त्यांनी दोन मुद्द्यांवर बोट ठेवून विचारलं, “यांची अदलाबदल केली तर काय बिघडेल?” तारखा मागेपुढे होतील याखेरीज उत्तर नसेल तर तिथे युक्तिवाद नाही, नुसती नोंदवही आहे. माझ्या पहिल्या मांडणीत स्नोची १८४९ ची पुस्तिका सुरुवातीला होती. तिची अदलाबदल केल्याने काहीच बिघडत नव्हतं, कारण प्रकरणाचा प्रश्न १८५५ च्या निर्णयाविषयी होता आणि पुस्तिकेतलं जे लागत होतं ते दक्षिण लंडनच्या अभ्यासाच्या तोंडाशी दोन वाक्यांत येऊ शकत होतं. कालक्रम पूर्ण सोडायचा नसतो. वाचक गोंधळू नये इतपत तो राखायचा, पण ओळीचं कारण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

असं करत आराखड्याचा मधला भाग तयार झाला. मी मुद्दे शीर्षकांच्या रूपात लिहीत नाही, पूर्ण वाक्यांत लिहिते, आणि दोन वाक्यांच्या मध्ये जोडवाक्य स्वतंत्र ओळीवर ठेवते. टिपणाचा दुवा शेवटी असतो, म्हणजे लिहिताना मूळ टिपण एका क्लिकवर उघडतं.

```
३. फारचं कोष्टक १८५२ मध्ये विश्वसनीय होतं. [[फार-उंची-बळ]]
   > ते खोडायचं तर उंची तीच आणि पाणी वेगळं हवं.
४. दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यात होते. [[दोन-कंपन्या]]
   > पण घरात कोणाचं पाणी ते रहिवाशांना ठाऊक नव्हतं.
५. मिठाच्या चाचणीने ते ओळखता आलं. [[सिल्व्हर-नायट्रेट]]
   > त्यामुळे मृत्यू कंपनीवार वाटता आले.
६. ३१५ विरुद्ध ३७. [[दक्षिण-लंडन-आकडे]]
   > उंचीच्या कोष्टकाला हा फरक दिसलाच नसता.
७. सखल भाग आणि घाण पाणी एकत्र येत होते. [[फार-उंची-मर्यादा]]
```

अशा आराखड्याची परीक्षा सोपी आहे. टिपणं न उघडता फक्त ही वाक्यं मोठ्याने वाचायची. अर्थ लागत गेला तर ओळ धरली आहे. एखाद्या ठिकाणी मनातल्या मनात खुलासा जोडावा लागला, तर तो खुलासा वाचकाला मिळणार नाही हे ओळखून तिथे थांबायचं. दुसरी परीक्षा फक्त जोडवाक्यांची: नुसती तीच वाचली तरी प्रश्न कुठून कुठे गेला ते कळायला हवं.

सहाव्या मुद्द्यापाशी मला थांबावं लागलं, तेही अशाच वाचनात. ३१५ आणि ३७ हे दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या घरांचे आकडे आहेत, आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल काही भागांत एकटीच पाणी देत होती. म्हणजे चौथ्या मुद्द्यातली शेजारच्या घरांची तुलना आणि सहाव्यातले आकडे तंतोतंत एकाच घरांबद्दल नाहीत. मिश्र वस्तीतल्या प्रत्येक उपविभागात कोणत्या कंपनीची किती घरं आहेत याचा हिशेब स्नोकडे तेव्हा नव्हता. ही अट घालणारं टिपण माझ्याकडे होतं, पण मी ते प्रकरणाच्या शेवटी मर्यादांच्या भागात टाकणार होते. ओळीत ते सहाव्याला लागूनच यायला हवं, कारण ‘पुरावा पुरेसा का वाटला नाही’ या प्रश्नाच्या उत्तराचा तो भागच आहे. ज्या टिपणाचं क्रियापद ‘अट घालतं’ हे असेल ते ज्याला अट घालतं त्याच्या शेजारीच ठेवावं, असं मला वाटतं. दूर नेलं की आधीचा दावा गरजेपेक्षा मोठा होऊन बसतो, आणि पुढे तो लहान करताना वाचकाचा विश्वास कमी होतो.

आराखडा झाल्यावर टिपणांचे परिच्छेद करायचे असतात, आणि इथे टिपणांचा एक गुण आड येतो. सुटं टिपण स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून आपण त्यात थोडी पार्श्वभूमी घालतो. स्नोवरच्या प्रत्येक टिपणात ‘लंडनमधला डॉक्टर जॉन स्नो, ज्याच्या मते कॉलरा पाण्यातून पसरतो’ अशा अर्थाचं काहीतरी असतंच. ती सलग चिकटवली की तीच ओळख परिच्छेदागणिक येते. एखादं अॅप दुवे दिलेली टिपणं एका कागदावर ओतून देतं तेव्हा तयार होणारा मजकूर भरपूर दिसतो तो यामुळेच. म्हणून विस्तार करताना मी आधी कापते: टिपणाच्या सुरुवातीची ओळख काढायची, मधलं विधान ठेवायचं, आणि त्याच्या आधी जोडवाक्य घालायचं. मग जिथे टिपण फारच आखडतं आहे तिथे वाढवायचं. सिल्व्हर नायट्रेटचं टिपण अर्ध्या ओळीचं होतं. त्याचे दोन परिच्छेद झाले, कारण पूर्ण युक्तिवाद त्यावर टेकलेला आहे. फारच्या चरित्राचं लांबलचक टिपण दीड वाक्यात आटोपलं. टिपणाची लांबी आणि परिच्छेदाची लांबी यांचं गणित जुळलंच पाहिजे असं नाही.

कापताना एक गोष्ट मात्र जपावी लागते. टिपणात ‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘अमुकाच्या मते’ असे शब्द विचार करून लिहिलेले असतात, आणि जोडवाक्याचा प्रवाह साधताना तेच आधी गळतात. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द वाक्याला जोर देतात; आधीचं विधान जितकं पक्कं तितकंच पक्कं ‘म्हणून’ म्हणता येतं. मी परिच्छेद पुरा झाला की मूळ टिपण शेजारी उघडून फक्त हे शब्द ताडून पाहते. मूळ स्रोताचं पान टिपणात लिहिलेलं असेल तर तेही याच वेळी परिच्छेदात उतरवायचं. नंतर ते शोधणं फार जिवावर येतं.

फार या माणसाची जागा मला शेवटपर्यंत ठरवता येत नव्हती. हवेच्या सिद्धांताचा सर्वांत प्रभावी आधार त्याचाच होता. पण दोन कंपन्यांच्या भागातले मृत्यू कुठे झाले ते पत्ते स्नोला मिळाले तेही फारच्याच मृत्यूनोंदणी कार्यालयातून. माझ्या जाळ्यात या दोन टिपणांमध्ये दुवा होता आणि त्याला क्रियापद मिळत नव्हतं. ‘पण’ हा शब्द बसत होता, तरी तो फक्त आश्चर्य सांगत होता, कारण सांगत नव्हता. आराखडा तिसऱ्यापासून सातव्या मुद्द्यापर्यंत धरल्यावर ते वाक्य सापडलं: फारला पाण्याचा प्रश्न बंद वाटत नव्हता, कारण त्याच्या चौकटीत पाणी हे एक कारण असू शकत होतं, एकमेव कारण असू शकत नव्हतं. पत्ते देणं आणि मत न बदलणं यांत मग विरोध उरला नाही. आठवा मुद्दा तिथून सुरू झाला, आणि समितीचा निर्णय त्याच्याच पाठीमागे आला.

दांड्याचं टिपण शेवटी प्रकरणात आलं, एका तळटीपेपुरतं. पाचिनीचं आलं नाही. त्याचा शोध लंडनच्या त्या निर्णयापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि प्रश्न त्या निर्णयाचा होता. ब्रॉड स्ट्रीटवर आधी स्नोला खोडून काढायला निघालेले आणि चौकशीअंती त्याच्या बाजूला आलेले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांचंही टिपण बाहेर राहिलं. त्याचं वाईट वाटतं, कारण ते टिपण मी फार मनापासून लिहिलं होतं. पण मुद्द्यांच्या वाक्यांमध्ये त्यासाठी ‘तसंच’ सोडून दुसरा शब्द सापडला नाही.

जोडवाक्यांपैकी काही आता संग्रहात टिपणं म्हणून परत गेली आहेत. ‘दोन कारणं नेहमी एकत्र बदलत असतील तर मोठं कोष्टक त्यांना वेगळं करू शकत नाही’ हे वाक्य आराखडा करण्यापूर्वी माझ्या एकाही टिपणात नव्हतं. त्याचा पहिला दुवा मी १८६६ च्या पूर्व लंडनच्या साथीला दिला आहे, जिथे फारने स्वतःच एका पाणी कंपनीवर बोट ठेवलं. त्या दुव्याला क्रियापद अजून दिलेलं नाही. पुढचं प्रकरण त्याच्यावर आहे.